भाग ‘ब’मधले 61 गुण कुठे गेले?

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे प्राचार्य आणि शिल्प निदेशक

सप्रेम नमस्कार.

हे पत्र एकाच भरतीबद्दल आहे. रेल्वे भरती मंडळाची सहायक लोको पायलटची भरती, मुलं जिला नुसतं ‘एएलपी’ म्हणतात, ती. मी मध्य रेल्वेत गाडी चालवून निवृत्त झालो आणि संगमेश्वरात गावच्या घरी राहायला आलो. तेव्हापासून आसपासच्या आयटीआयची मुलं-मुली संध्याकाळी गुणपत्रक घेऊन माझ्या ओटीवर येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: ट्रेडच्या पेपरात एवढे गुण पडले, मग यादीत नाव का नाही? उत्तर जाहिरातीतच छापलेलं असतं. पण मुलांना ते निकालानंतर कळतं, आणि तुम्ही त्यांना ते पहिल्या वर्षीच सांगू शकता. म्हणून हा पत्रप्रपंच.

कोकण रेल्वे महामंडळाच्या स्वतःच्या जाहिराती वेगळ्या निघतात, त्यांचे नियम त्या त्या जाहिरातीत पाहावेत. मी बोलतोय ते रेल्वे भरती मंडळाच्या केंद्रीकृत जाहिरातीबद्दल. 2024च्या जाहिरातीत सुरुवातीला 5,696 जागा होत्या, पुढे त्या वाढवून 18,799 केल्या. एवढ्या जागा दहावी आणि आयटीआय झालेल्या मुलाला दुसरीकडे सहसा दिसत नाहीत, त्यामुळे आपली पोरं अर्ज करतात यात नवल नाही.

या भरतीत गुण चार ठिकाणी मिळतात आणि चारही ठिकाणी त्यांचा उपयोग निराळा होतो.

पहिली संगणकावरची परीक्षा 75 प्रश्नांची, एका तासाची. ती नुसती चाळणी आहे. तिच्या गुणांवर जागांच्या 15 पट उमेदवार दुसऱ्या परीक्षेला घेतात आणि तिथे त्या गुणांचं काम संपतं. अंतिम यादीत त्यातला अर्धा गुणही जात नाही. पहिल्या परीक्षेत 70 मिळवणारा आणि काठावर पास झालेला दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी शेजारी शेजारी बसतात, तेव्हा दोघांची पाटी सारखीच कोरी असते.

दुसऱ्या परीक्षेचे दोन भाग. भाग ‘अ’ 100 प्रश्नांचा, 90 मिनिटांचा: गणित, तर्कबुद्धी, मूलभूत विज्ञान आणि अभियांत्रिकी. भाग ‘ब’ 75 प्रश्नांचा, 60 मिनिटांचा: ज्याच्या त्याच्या ट्रेडचा. जोडाऱ्याला जोडारीचा, वीजतंत्र्याला वीजतंत्रीचा, डिझेल मेकॅनिकला त्याचा. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग झालेल्यांनी आपल्या शाखेला लागू असलेल्या ट्रेडपैकी एक निवडायचा आणि त्याच आयटीआय पातळीचा पेपर द्यायचा. भाग ‘ब’ केवळ पात्रतेचा आहे. 35 टक्के मिळाले की झालं. गुणवत्ता यादीसाठी भाग ‘अ’चेच गुण धरतात.

त्यानंतर जागांच्या आठपट उमेदवारांना संगणकावरच्या अभियोग्यता चाचणीला बोलावतात. मुलं तिला ‘सीबॅट’ किंवा ‘सायको’ म्हणतात. भाग ‘अ’सारखीच इथेही पात्रता लागते आणि गुणही मोजतात. अंतिम क्रम लागतो तो भाग ‘अ’ला 70 टक्के आणि सीबॅटला 30 टक्के वजन देऊन. भाग ‘ब’ त्या बेरजेत कुठेच नाही.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजावण्यासाठी बांधलेले आहेत. सीबॅटचे गुण सोयीसाठी 100 पैकी धरतो, आणि वेगवेगळ्या पाळ्यांतल्या पेपरांचे गुण एका पातळीवर आणण्याचा जो हिशेब मंडळ करतं तोही इथे बाजूला ठेवतो.

पहिला उमेदवार जोडारी. दोन वर्षं कानस चालवलेला, व्हर्निअर हातात घेतला की चटकन वाचणारा. भाग ‘ब’मध्ये त्याने 73 प्रश्न सोडवले, 64 बरोबर, 9 चूक. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, म्हणजे 3 गेले आणि 61 उरले. 75 पैकी 61, त्याच्या संस्थेत कदाचित सर्वांत जास्त. भाग ‘अ’मध्ये 58 आणि सीबॅटमध्ये 62. दुसरी उमेदवार इलेक्ट्रिकल डिप्लोमाची मुलगी. ट्रेडचा पेपर तिला जड गेला: 32 बरोबर, 14 चूक, हातात आले 27.33. पण भाग ‘अ’मध्ये 66, आणि सीबॅटमध्ये 55.

जोडाऱ्याचे 58 गुणिले 0.7 म्हणजे 40.6, आणि 62 गुणिले 0.3 म्हणजे 18.6. एकूण 59.2. मुलीचे 46.2 आणि 16.5, एकूण 62.7. ट्रेडमध्ये त्याच्या निम्मेही गुण नसलेली मुलगी त्याच्या साडेतीन गुणांनी पुढे गेली. सीबॅटमध्येही तो तिच्यापेक्षा सरस होता, पण तिथल्या सात गुणांचे 2.1च झाले आणि भाग ‘अ’मधल्या आठ गुणांचे 5.6.

तिसरा उमेदवार असा धरा की भाग ‘अ’मध्ये त्याला 74 आहेत, तिघांत सर्वांत जास्त. भाग ‘ब’मध्ये 31 बरोबर आणि 16 चूक. कापलेले 5.33 वजा करून उरले 25.67. पात्रतेची रेषा 75 चे 35 टक्के, म्हणजे 26.25. हा सीबॅटपर्यंत पोचतच नाही. त्याचे 74 गुणपत्रकावर राहतात.

खाडीच्या मुखाशी वाळूची दांडी असते ती आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. होडी बाहेर काढायला दांडीवर पुरेसं पाणी लागतं, ते नसलं तर होडी आतच. पण भरतीचं पाणी हातभर जास्त चढलं म्हणून होडी मुंबईला लवकर पोचत नाही. भाग ‘ब’ म्हणजे ती दांडी. जोडाऱ्याने 26.25 च्या वर मिळवलेल्या पावणेपस्तीस गुणांचा यादीत उपयोग शून्य, आणि तिसऱ्याचं अर्ध्या गुणाने सगळं गेलं.

हा गैरसमज आपल्याकडेच इतका पक्का का, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं तो पोलीस भरतीच्या मैदानावरून येतो. आपली मुलं आधी तिकडे वळतात. पहाटे समुद्रावर नाहीतर शाळेच्या पटांगणात धावतात, गोळा टाकतात. तिथे मैदानी चाचणी 50 गुणांची, त्यात निम्मे गुण हवेतच. मग लेखी 100 गुणांची, त्यात 40 टक्के हवेत. आणि शेवटी दोन्हींची बेरीज होऊन 150 पैकी क्रम लागतो. म्हणजे तिथे किमान गुणांची अटही आहे आणि त्यावरचा एकेक गुण जमाही होतो. सोळाशे मीटरला जास्त गुण काढले तर लेखीत थोडं कमी पडलं तरी चालतं. ही सवय घेऊन मुलगा रेल्वेच्या परीक्षेला बसतो आणि त्याला वाटतं, ट्रेडमध्ये भरपूर मिळवले की गणितातली कसर भरून निघेल. रेल्वेत ती सोय नाही. घरात डी.एड. झालेली बहीण असेल तर तिला हे समजवावं लागत नाही. टीईटी नुसती उत्तीर्ण व्हायची आणि शिक्षक भरतीचा क्रम ‘टेट’ या वेगळ्या अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर लागणार, हे तिने स्वतः अनुभवलेलं असतं.

निदेशक मंडळींपैकी काही म्हणतील, हा अन्याय आहे. हाताने काम येणाऱ्या मुलाचं कसब मोजायचंच नाही? मलाही आधी तसंच वाटायचं. पण जरा खोलात गेलं की कारण दिसतं. एकाच जागेसाठी जोडारी, वीजतंत्री, तारतंत्री, कातारी, मोटार मेकॅनिक, एसी-फ्रिजवाला असे वेगवेगळे उमेदवार अर्ज करतात. प्रत्येकाचा पेपर वेगळा. यंदा जोडारीचा पेपर सोपा निघाला आणि वीजतंत्रीचा कठीण, तर जोडारीतले 61 आणि वीजतंत्रीतले 45 यांत मोठं काय? पाळ्यापाळ्यांतला फरक काढता येतो कारण विषय तोच असतो. दोन वेगळ्या ट्रेडचे गुण एका रांगेत लावायला मजबूत पाया नाही. म्हणून मंडळाने ट्रेडपुरतं एवढंच विचारलं: तुला तुझं काम किमान येतं का? आणि क्रम लावला तो सगळ्यांना सारख्याच असलेल्या पेपरावर. शिवाय निवड झालेल्याला इंजिनाचं काम रेल्वे स्वतः शिकवते. जोडारी असो की वीजतंत्री, प्रशिक्षण केंद्रात सगळे एकाच बाकावर बसतात. हे तर्काला धरून आहे असं माझं मत आहे, पटो न पटो.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती तुम्ही मुलांना आवर्जून सांगायला हवी. भाग ‘अ’ला किमान गुणांची अट प्रवर्गानुसार वेगळी आहे: खुल्या आणि आर्थिक दुर्बल घटकाला 40 टक्के, इतर मागासवर्ग आणि अनुसूचित जातीला 30, अनुसूचित जमातीला 25. भाग ‘ब’ची 35 टक्क्यांची अट सगळ्यांना एकच आहे, तिथे कुणालाही सवलत नाही. रायगडातल्या एखाद्या आदिवासी वाडीवरचा मुलगा ‘आपल्याला पंचवीस पुरतात’ असं धरून ट्रेडच्या पेपरातही तेवढ्यावरच थांबला तर तो बाद होतो, आणि आपण का बाद झालो हेही त्याला कळत नाही.

35 टक्क्यांच्या रेषेजवळ वजा गुणांचा खेळ कसा चालतो, तेही फळ्यावर एकदा करून दाखवा. समजा मुलाला 32 उत्तरं बरोबर आली आणि 17 चुकली. 32 वजा 5.67 म्हणजे 26.33, पास. आता त्याने शेवटच्या मिनिटाला ‘होऊन जाऊ दे’ म्हणत आणखी एक उत्तर ठोकलं आणि ते चुकलं. 32 बरोबर, 18 चूक, 32 वजा 6 म्हणजे 26, नापास. बरोबर उत्तरं तेवढीच. एका अंदाजपंचे टिचकीने पाव गुणाने रेषेखाली गेला. ज्याला नक्की येणारे प्रश्न तीसच्या आसपास आहेत त्याने तिथे हात आवरावा. नुसते 27 बरोबर आणि एकही चूक नाही, तरी काम होतं. ज्याला साठ येतात त्याने खुशाल सगळे सोडवावेत, त्याला धोका नाही.

इथे एक बारीक भेद आहे. परीक्षेच्या दिवशी भाग ‘ब’मध्ये घातलेला वेळ वाया जात नाही, कारण त्या 60 मिनिटांतला वेळ भाग ‘अ’ला वळवता येतच नाही. वाया जातात ते तयारीचे महिने. मुलगा संध्याकाळी चार तास अभ्यासाला बसतो आणि त्यातले तीन तास ट्रेडच्या प्रश्नसंचात घालवतो, कारण ते त्याला येतं आणि येणारी गोष्ट करताना बरं वाटतं. आपल्या जोडाऱ्याला त्या मुलीच्या पुढे जायला किती हवं होतं? भाग ‘अ’मध्ये सहा गुण जास्त. 58 ऐवजी 64 मिळाले असते तर एकूण 63.4 झाले असते. पाच गुणांनी नेमकी बरोबरी झाली असती, आणि समान गुण पडले की मंडळ वयाने मोठ्याला वर घेतं, तेव्हा बरोबरीवर भरवसा ठेवू नये. हे सहा गुण मिळवताना ट्रेडमधले तीस गमावले असते तरी तो पात्रच राहिला असता.

आणि आता मुद्द्याचं, जे तुमच्या हातात आहे. भाग ‘अ’मधलं मूलभूत विज्ञान आणि अभियांत्रिकी म्हणजे काय, हे अभ्यासक्रम उघडून पाहा: अभियांत्रिकी रेखांकन, एकके आणि मोजमापं, वस्तुमान-वजन-घनता, कार्य-शक्ती-ऊर्जा, वेग, उष्णता आणि तापमान, प्राथमिक वीज, तरफ आणि साधी यंत्रं, कामाच्या जागची सुरक्षितता. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे वर्कशॉप कॅल्क्युलेशन अँड सायन्स आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या तासाला जे शिकवतात, त्यातलं बरंचसं इथे आहे. ज्या तासाला मुलं दांडी मारतात, गणित-चित्रकला निदेशकाची जागा रिकामी असली की जो तास सर्वांत आधी उडतो, तोच तास या भरतीत क्रम लावतो. ज्या ट्रेड थिअरीला सगळे मान देतात ती फक्त पात्रता देते.

म्हणजे डिप्लोमावाल्यांना पुढे जाण्यासाठी कुठली वेगळी शिडी मिळालेली नाही. प्रथम वर्षाच्या मुलाने घनता, तरफ, ओहमचा नियम आणि ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शन नीट केलं, तर भाग ‘अ’चा हा तुकडा त्याच्या आवाक्यात आहे. राहिलं गणित आणि तर्कबुद्धी. दहावीला गणितात कसाबसा सुटलेला मुलगा काळ-काम-वेग, शेकडेवारी, सरळव्याज-चक्रवाढव्याज यांना घाबरतो. पण हे सरावाचं काम आहे. रोज तासभर, ठरलेल्या वेळेत, चुकांची वही ठेवून. एखादी संस्था दर शनिवारी 90 मिनिटांचा भाग ‘अ’चा सराव पेपर घेऊ लागली, तर त्याचा फायदा क्रमात दिसेल असं मला वाटतं. ट्रेडचा सराव पेपर महिन्यातून एक पुरे, तोही मुलगा 26.25 च्या बराच वर, समजा चाळिशीत, सुरक्षित आहे ना एवढं पाहण्यासाठी. पस्तिशीच्या खाली रेंगाळणाऱ्यांच्या बाबतीत मात्र आधी ट्रेडकडेच लक्ष द्यावं लागेल. सगळ्यांना एकच औषध नको.

याचा अर्थ ट्रेड सोडा असा कुणी काढू नये. रेल्वेच्याच शिकाऊ उमेदवारीत, म्हणजे अप्रेंटिसमध्ये, परीक्षा नसते. दहावीच्या आणि आयटीआयच्या गुणांच्या सरासरीवर यादी लागते. तिथे तुमच्या परीक्षेतला एकेक गुण मोजतात. तोच मुलगा, तेच आयटीआय, पण एका ठिकाणी ट्रेडचे गुण क्रम लावतात आणि दुसरीकडे नुसती पात्रता ठरवतात. म्हणून जाहिरात आली की मुलांकडून त्यातली निवड प्रक्रिया मोठ्याने वाचून घ्या. ‘क्वालिफाइंग इन नेचर’ हे शब्द कुठल्या पेपरापुढे आहेत आणि गुणवत्ता यादी कशावर आधारलेली आहे असं लिहिलंय, या दोन जागांखाली पेन्सिलने रेघ मारायला लावा. पुस्तकांच्या दुकानात मिळणारे गाइड आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बऱ्याचदा मागच्या भरतीचे नियम सांगत असतात.

सीबॅटबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त हळहळ इथे होते. तिथपर्यंत पोचलेला मुलगा म्हणतो, आता काय, सायको तर आहे. पाच चाचण्या असतात: स्मरणशक्ती, सूचनांचं पालन, खोलीचा अंदाज, एकाग्रता आणि आकृती ओळखण्याची चपळाई. प्रत्येक चाचणीचे गुण एका ठरावीक मापावर आणतात, त्याला टी-स्कोअर म्हणतात. या मापात सरासरी 50 असते आणि गुणांचं पसरणं 10 च्या टप्प्यांनी मोजतात. प्रत्येक चाचणीत किमान 42 हवेत. इथेही प्रवर्गाची सवलत नाही.

42 म्हणजे सरासरीच्याही खाली, त्यामुळे अट सोपी वाटते. फसगत होते ती ‘प्रत्येक’ या शब्दात. एका मुलाचे पाच टी-स्कोअर 61, 58, 55, 63 आणि 40 असे धरा. सरासरी 55.4, झकास. तरीही तो बाद, कारण शेवटच्या चाचणीत दोन कमी. दुसऱ्याचे 43, 44, 45, 43, 44. सरासरी 43.8, पण तो पात्र. त्याचा क्रम खाली लागेल, पण तो यादीत आहे आणि पहिला यादीत नाही. चार चाचण्यांतली हुशारी पाचवीतली उणीव भरून काढत नाही. का, ते मी गाडी चालवलेला माणूस म्हणून सांगू शकतो. ऑगस्टात धो-धो पाऊस, काचेवर पाणी, पुढे वळण आणि त्या पलीकडे सिग्नल. अशा वेळी लोको पायलटची स्मरणशक्ती चांगली पण अंतराचा अंदाज कच्चा, हे सरासरी काढून चालवून घेता येत नाही. म्हणून प्रत्येक चाचणीला वेगळी रेषा, आणि त्या रेषेच्या वर जो जास्त सरस त्याला 30 टक्क्यांत त्याचं मोल.

आपल्या मुलांसाठी सीबॅटमध्ये आणखी एक अडचण आहे. संगणकावरची परीक्षा मराठीतून देता येते. सीबॅटचे प्रश्न फक्त हिंदी आणि इंग्रजीत असतात. ज्या मुलाने दोन्ही परीक्षा मराठीतून दिल्या, त्याला पहिल्यांदाच वेगळ्या भाषेत, घड्याळ पळत असताना, ‘अमुक असेल तर तमुक, नाहीतर…’ अशा लांबलचक सूचना वाचाव्या लागतात. सूचनांच्या पालनाची चाचणी तर उभी त्यावरच आहे. मराठी माणसाला हिंदी कळतं हे खरं, पण कळणं वेगळं आणि सेकंदांच्या हिशेबात नेमकं कळणं वेगळं. दोन महिने आधीपासून हिंदीतल्या सूचना वाचायची सवय लावली तर ही अडचण राहत नाही. नमुने शोधायला कुठल्या क्लासला हजारो रुपये मोजायची गरज नाही. रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या rdso.indianrailways.gov.in या संकेतस्थळावर डिरेक्टोरेट्स, त्यात सायको टेक्निकल डिरेक्टोरेट आणि त्यात कँडिडेट्स कॉर्नर असं गेलं की चाचण्यांचे नमुने मिळतात. मोबाइलच्या चार इंची पडद्यावर ते करून उपयोग नाही. तुमच्या संस्थेत संगणक कक्ष आहे, तो संध्याकाळी दोन तास उघडा ठेवता येईल का, हे पाहा. सीबॅटमध्ये चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे इथे मात्र प्रश्न कोरा सोडू नये. म्हणजे भाग ‘ब’मध्ये लागलेली हात आवरायची सवय इथे मोडावी लागते.

राहता राहिली डोळ्यांची गोष्ट. तिला गुणच नाहीत. लोको पायलटसाठी ए-1 हा रेल्वेचा सर्वांत कडक वैद्यकीय वर्ग. दोन्ही डोळ्यांनी चष्म्याशिवाय 6/6 दिसायला हवं, रंग ओळखता यायला हवेत, रात्रीचं दिसायला हवं. लेसर शस्त्रक्रिया करून नंबर घालवलेला चालत नाही. सीबॅटला जातानाच ठरावीक नमुन्यातलं दृष्टी प्रमाणपत्र मूळ प्रतीत न्यावं लागतं, नसेल तर चाचणीला बसू देत नाहीत. मुलांचे डोळे दोन वर्षं अभ्यास करून झाल्यावर तपासले जातात, हे उलटं आहे. प्रवेशाच्या पहिल्या महिन्यात, जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या नेत्रतज्ज्ञांना विनंती करून, ज्यांना एएलपी करायचंय त्यांची दृष्टी आणि रंगज्ञान तपासून घ्या. रंगांधळेपण असलेल्या मुलाला बहुतेकदा स्वतःला पत्ताच नसतो. त्याला पहिल्या वर्षी कळलं तर तो दुसरी भरती धरेल. शेवटच्या पायरीवर कळलं तर त्याच्या उमेदीची वर्षं गेलेली असतात.

तुमच्याकडे माझं मागणं तीनच गोष्टींचं आहे. वर्कशॉप कॅल्क्युलेशनचा तास उडू देऊ नका, निदेशक नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी तो घ्यायला लावा. शनिवारी भाग ‘अ’चा वेळ लावून पेपर घ्या आणि गुण ट्रेडनुसार न लावता संस्थेतल्या सगळ्या मुलांच्या एकाच यादीत लावा, म्हणजे जोडाऱ्याला आपण वीजतंत्र्यांच्या मागे आहोत की पुढे हे दिसेल. आणि सीबॅटसाठी संगणक कक्ष उघडा ठेवा. रत्नागिरी आणि चिपळूण परिसरात कुठल्या संस्थेने बोलावलं तर फळ्यावर हे हिशेब करून दाखवायला मी येईन. गणपतीचे दिवस सोडून कधीही.

कळावे,
आपला,
एक निवृत्त लोको पायलट
संगमेश्वर, जि. रत्नागिरी